एक मागणी, एकच लेबल

सिंधुदुर्गातील एखादा महिला बचत गट कोकम आगळाची विक्री वूकॉमर्सवर उभारलेल्या छोट्या दुकानातून करतो, असे समजू. दिवसाला दोन-चार मागण्या असल्या, तर पत्ता हाताने लिहिणे जड जात नाही. त्या वीस झाल्या की पत्ते उतरवताना पिनकोड चुकतो आणि ‘पार्सल कोठे आहे?’ या दूरध्वनीला उत्तर देण्यात दुपार जाते. कुरिअर सेवेच्या एपीआयशी, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्यास ठराविक पद्धतीने निरोप देण्याच्या सोयीशी, दुकान जोडले की ही दोन्ही कामे आपोआप होतात.

दुकानातील मागणीत बदल झाला, की वूकॉमर्स वेबहुकद्वारे तशी सूचना मधल्या जोड-प्रोग्रामला पाठवते. पैसे जमा होऊन मागणीची स्थिती `processing` झालेली असेल, तर प्रोग्राम पत्ता, वजन व खोक्याची मापे कुरिअरकडे धाडतो. उत्तरादाखल पार्सल क्रमांक आणि लेबलाची पीडीएफ प्रत मिळते. ती छापून खोक्यावर चिकटवावयाची आणि क्रमांक मागणीत नोंदवावयाचा.

येथेच खरी मेख आहे. क्रमांक नोंदविणे हाही मागणीतील बदलच असल्याने `order.updated` ही सूचना पुन्हा सुटते. प्रोग्राम भोळा असेल तर तो त्याच मागणीसाठी दुसरे लेबल काढतो, मग तिसरे. खोके एकच, पण कुरिअरच्या दप्तरी पार्सले तीन! एकाच मागणीपुढे अनेक क्रमांक दिसू लागले, की हाच दोष समजावा.

यावर उपाय म्हणजे कुरिअरला विचारण्यापूर्वीच मागणीची नोंद करणे. `shipments` या तक्त्यात `order_id` हा स्तंभ प्राथमिक कळ म्हणून ठेवावा. १०४२ क्रमांकाच्या मागणीसाठी प्रथम ही ओळ चालते :

```
INSERT INTO shipments (order_id) VALUES (1042);
```

दुसरी सूचना आली, की तक्ता हीच नोंद नाकारतो आणि प्रोग्राम तेथेच थांबतो. दोन सूचना एकाच क्षणी आल्या तरी एकच आत शिरते. मात्र नाकारलेल्या सूचनेलाही ‘मिळाली’ असे उत्तर द्यावे. सलग पाचहून अधिक सूचना अयशस्वी ठरल्यास वूकॉमर्स तो वेबहुकच बंद करते आणि लेबले निघणे गुपचूप थांबते.

जाळे तुटून कुरिअरचे उत्तर वाटेतच हरवले, तर नोंद राहते पण पार्सल क्रमांक रिकामा दिसतो. अशा वेळी घाईने नवी विनंती करू नये. लेबल पलीकडे तयार झालेले असू शकते. आपला मागणी क्रमांक देऊन कुरिअरकडील नोंद आधी शोधावी आणि ती नसेल तरच पुन्हा मागावे.

पार्सलाच्या प्रवासाच्या वार्ता कुरिअरही वेबहुकनेच कळवते, पण त्या क्रमाने येतीलच असे नाही. ‘पोहोचले’ ही वार्ता आधी आणि ‘वाटेत आहे’ ही मागाहून आली, तर ग्राहकाच्या हाती पडलेले पार्सल दुकानाच्या पानावर पुन्हा वाटेला लागते. म्हणून प्रत्येक वार्तेसोबतची घटनेची वेळ ताडून पाहावी आणि आधीच्या वेळेची वार्ता केवळ इतिहासात टाकावी, स्थिती बदलू नये.