धाप एक, बिघाड दोन : एम्फिसिमा आणि क्रॉनिक ब्रॉंकायटिस

भारतातल्या आईवडिलांचे रिपोर्ट घेऊन सभासद आमच्या आरोग्य समितीकडे येतात, तेव्हा त्यांवर बरेचदा एकच शब्द असतो : सीओपीडी. घरी त्याला ‘दमा’ म्हणतात, नाहीतर ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. या एका शब्दाखाली दोन निराळे बिघाड असतात. यंदाच्या निधीतून ग्रामीण दवाखान्यांना श्वास मोजण्याची यंत्रे द्यायची आहेत, म्हणून हा फरक इथे जरा सविस्तर सांगतो.

यावर डॉक्टरांचाही गोंधळ होता. एकाच तऱ्हेच्या रोग्याला इंग्लंडमध्ये ‘ब्रॉंकायटिस’ आणि अमेरिकेत ‘एम्फिसिमा’ म्हणत. १९५८ साली लंडनमध्ये सिबा परिसंवादात व्याख्या ठरल्या. क्रॉनिक ब्रॉंकायटिस लक्षणांवरून ओळखायचा. पुढे रूढ झालेला नियम असा, की वर्षातून निदान तीन महिने, सलग दोन वर्षे, कफाचा खोकला हवा आणि त्याला दुसरे कारण नको. एम्फिसिमा मात्र फुप्फुसाच्या रचनेवरून ठरवायचा.

आधी ब्रॉंकायटिस पाहू. हा नळ्यांचा आजार. श्वासनलिकांच्या अस्तरात कफ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि तो कफ घशाकडे ढकलणारे केसांसारखे बारीक तंतू असतात. वर्षानुवर्षे धूर लागला की ग्रंथी फुगतात, कफ वाढतो आणि तंतू झडतात. म्हणजे कचरा वाढला आणि झाडूवाला गेला! साचलेल्या कफात जंतू वाढतात, अस्तर सुजून जाड होते आणि नळी आतून अरुंद होते.

एम्फिसिमात बिघाड नळीच्या टोकाला, वायुकोशांत असतो. द्राक्षांच्या घोसासारखे हे कोश कोट्यवधी असतात, आणि त्यांच्या पातळ भिंतींतल्या रक्तवाहिन्यांतूनच प्राणवायू रक्तात शिरतो. धुरामुळे फुप्फुसात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी एक पाचक रस सोडतात, तो भिंतींतले लवचीक धागे तोडतो. या रसाला आवर घालणारे प्रथिन शरीरात असते, पण सिगारेटचा धूर त्यालाही निकामी करतो. (काहींना ते जन्मतःच कमी असते. त्यांना हा आजार तरुणपणीच गाठू शकतो.) मग भिंती फुटतात, आणि शंभर लहान द्राक्षांच्या जागी दहा मोठे पोकळ फुगे राहतात. भिंतींबरोबर त्यांतल्या रक्तवाहिन्याही जातात. शिवाय हेच धागे बाजूच्या बारीक नळ्यांना ताणून उघड्या ठेवत असतात. ते तुटले की उच्छ्वास करताना नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. म्हणून या रोग्याला श्वास सोडणे जड जाते.

आता समजा, एक मावशी आहेत. वय ६२, तीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केलेला, विडी-सिगारेट कधीच नाही. आणि एक काका, वय ६८, चाळीस वर्षे सिगारेट. दोघांनाही जिना चढताना धाप लागते. श्वास मोजण्याच्या यंत्रात जोराने फुंकल्यावर मावशींची एकूण २ लिटर हवा बाहेर पडली, त्यातली पहिल्या सेकंदात १.२ लिटर, म्हणजे ६० टक्के. काकांची २.९ पैकी १.६ लिटर, म्हणजे ५५ टक्के. इनहेलरचे औषध दिल्यानंतरही हा आकडा सत्तरच्या खाली राहिला तर हवेला अडथळा आहे असे धरतात. तो दोघांनाही आहे. अडथळा कुठला, हे मात्र हे यंत्र सांगत नाही.

ते कळते पुढच्या दोन तपासण्यांतून. वायू रक्तात किती शिरतो हे मोजले, तर मावशींचा आकडा अपेक्षेच्या ८५ टक्के येतो आणि काकांचा ४०, कारण काकांच्या भिंतीच उरलेल्या नाहीत. सीटी स्कॅनमध्ये काकांच्या फुप्फुसाच्या वरच्या भागात काळ्या पोकळ्या दिसतात, मावशींच्या नळ्यांच्या भिंती जाड दिसतात. चुलीच्या धुराने नळ्यांचा बिघाड अधिक आणि एम्फिसिमा कमी, असे अभ्यासांत आढळले आहे. अर्थात प्रत्यक्षात पुष्कळांना दोन्ही थोडेथोडे असते. आणि नळ्या अरुंद व्हायच्या आधी नुसता कफ-खोकला असेल, तर फुंकण्याची तपासणी अगदी नॉर्मलही येते. म्हणून खोकल्याचे महिने डॉक्टरांना आवर्जून सांगावेत.

उपचारात इनहेलर दोघांनाही लागतो. पण मावशींची चूल बंद होऊन गॅस आला, तर कफ आणि खोकला काही महिन्यांत बराच उतरू शकतो. काकांनी सिगारेट सोडली तर पुढची झीज मंदावते, गेलेल्या भिंती मात्र परत येत नाहीत. त्यांना एक साधी युक्ती उपयोगी पडते. नाकाने दोन आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार आकडे मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. ओठांच्या अडथळ्यामुळे नळ्यांत दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जिना चढताना, दर दोन पायऱ्यांना एक उच्छ्वास, असे काकांनी करून पाहावे.