कार्ड मशीन अडकतं तेव्हा नेटवाल्याला काय लिहायचं

लग्नसराईत गुलमंडीवरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात बघा. नवरीची आई गादीवर शालू पसरते आणि वहिनी मोबाइल उंच धरून जालन्याच्या आत्याला व्हिडिओ कॉलवर काठ दाखवते. आमच्या दुकानाच्या तळघरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला दुकानाचं वाय-फाय द्यावंच लागतं. पण दुकान भरलं की वर गल्ल्यावर कार्ड मशीनचं चाक फिरत राहायचं, आणि बारकोड मारला तरी बिलात ओळ लवकर उमटायची नाही.

अशा वेळी बहुतेक दुकानदार नेटवाल्याला लिहितात, 'नेट स्लो आहे, येऊन बघा.' तो सकाळी रिकाम्या दुकानात येतो, स्पीड बघतो, 'सगळं ओके' म्हणतो आणि जातो. म्हणून मी त्याला निरोप पाठवला तो असा:

'दादा, त्रास फक्त संध्याकाळी, गिऱ्हाइकं वाय-फायवर असताना होतो. गिऱ्हाइकांनी मोबाइलचं वाय-फाय बंद केलं की मिनिटभरात मशीन सुरळीत चालतं. बिलाचा कॉम्प्युटर केबलवर आहे, तरी तोही अडकतो. गर्दीच्या वेळी राउटरचा पिंग २-३, बाहेरचा ८००च्या वर. गर्दी नसताना बाहेरचा २०. लाइन ३० एमबीपीएसची आहे. आज सात वाजता या, गर्दीत दाखवतो.'

यातलं केबलचं वाक्य महत्त्वाचं. फक्त मशीन अडकलं असतं, तर वाय-फायच्या लहरींवर संशय घेता आला असता. पुष्कळशी कार्ड मशीन २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि बाजारात त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने असतात. पण केबलवरचा कॉम्प्युटरही रखडतो, म्हणजे दोघांची सामाईक वाट तुंबलेली आहे. त्याची खात्री पिंग करून देतो. केबलवरच्या कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडून एकेकीत एक ओळ टाकायची:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा. तो तुमच्याकडे वेगळा असू शकतो, राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर बघा. उत्तर यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. पहिला आकडा लहान आणि दुसरा फुगलेला असेल, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, अडचण पुढच्या लाइनवर आहे. केबलवरून पहिलाच फुगला, तर राउटर किंवा केबल तपासा.

लाइन भरते ती मुख्यतः वर जाणाऱ्या बाजूने. व्हिडिओ कॉल त्यात थोडाच वाटा घेतो. खरा खादाड वेगळाच: वाय-फाय मिळालं की मोबाइल गुपचूप फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू करतो. हळदीचे व्हिडिओ असलेले चार-पाच मोबाइल एकदम चढवायला लागले की राउटरमध्ये रांग लागते. कार्डाच्या व्यवहाराचा डेटा अगदी किरकोळ असतो, पण मशीन आणि बँकेत बऱ्याच फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी त्याच रांगेत उभी राहते. काही फेऱ्यांतच मशीन कंटाळून व्यवहार सोडून देतं. लाइन दुप्पट वेगाची घेतली तरी बॅकअप तीही भरून टाकतो, हे लाइन वाढवायला निघालेल्यांनी लक्षात ठेवावं.

त्यामुळे गिऱ्हाइकांना नुसतं वेगळं नाव-पासवर्ड देऊन भागत नाही. नाव वेगळं असलं तरी लाइन एकच. राउटरमध्ये गिऱ्हाइकांच्या नेटवर्कला एकूण मर्यादा घालून घ्या. आम्ही ३०पैकी वर १० आणि खाली १५ ठेवलं. मर्यादा प्रत्येक मोबाइलला वेगळी घातली, तर पंधरा मोबाइल मिळून पुन्हा लाइन भरतात. काही स्वस्त राउटरमध्ये ही सोय नसते. मग राउटरच बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट. जुना पासवर्ड निम्म्या शहराच्या मोबाइलमध्ये साठवलेला असतो. म्हणून जुनं नावच मर्यादा घालून गिऱ्हाइकांसाठी ठेवलं आणि मशीनसाठी नवं नाव काढलं. त्याचा पासवर्ड दुकानातल्या पोरांनाही सांगितलेला नाही, आमच्या चिरंजीवांनाही नाही.

काम झाल्यावर नेटवाल्याला लगेच सोडू नका. दोन मोबाइलवरून गिऱ्हाइकांच्या वाय-फायवर मोठे व्हिडिओ चढवायला लावा आणि दुसरी खिडकी बघा. आमच्याकडे आकडा ५०च्या आसपास राहिला.

मधल्या काळात एखाद्याचे पैसे कापले जाऊन पावती निघाली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मशीनमध्ये शेवटच्या व्यवहाराची स्थिती बघा. व्यवहार तिथे यशस्वी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाला हे सांगितलं की गल्ल्यावरचा आवाज खाली येतो.

लाइनच तुटली, तर यातलं काहीच कामाचं नाही. त्यासाठी मशीनमध्ये सिम हवं, आणि सिमला रेंज हवी म्हणून गल्ला वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला.