मारू की थांबू?

प्रश्न : मी वेल्हे भागातल्या एका शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. पटाच्या मध्यात दोन प्यादी एकमेकांना मारण्याच्या बेतात आली, की मुलं लगेच मारामारी करून मोकळी होतात. मी 'थांबा' म्हणतो, पण किती थांबायचं आणि कधी मारायचं, हे मलाच नीट सांगता येत नाही. परवा आमचा एक विद्यार्थी काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. डाव असा झाला : १. डी४ डी५, २. सी४ ई६, ३. घोडा सी३ घोडा एफ६, ४. उंट जी५ उंट ई७, ५. ई३ किल्लेकोट, ६. घोडा एफ३ आणि काळ्याचा बी८चा घोडा डी७वर, ७. हत्ती सी१. इथे त्याने डी५च्या प्याद्याने सी४चं प्यादं मारलं आणि पुढे चार चालींत एक प्यादं गमावलं. ती चाल चूक होती का?

उत्तर : गुरुजी, चाल बरोबर होती, पण एक खेळी लवकर झाली. तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर या डावातच आहे, म्हणून तो पटावर मांडूनच पुढचं वाचा.

सातव्या चालीनंतर पांढऱ्याचा राजाकडचा उंट अजून एफ१वर, म्हणजे आपल्या घरीच आहे. काळ्याने सी४वर मारलं, की हा उंट एका चालीत सी४वर येऊन ते प्यादं परत घेतो. उंट बाहेर काढायचाच होता. काळ्याने त्याला चांगली जागाही दिली आणि निमित्तही दिलं. आता काळ्याने आणखी एकच चाल थांबून ७...सी६ केलं असतं तर? पांढऱ्यालाही काहीतरी खेळावं लागणार. तो सहज उंट डी३वर काढेल. आता मारा : ८...डी५ने सी४वर, ९. उंट सी४. उंट आला त्याच घरात, पण दोन चालींत. दोन्ही पट शेजारी ठेवून पाहा. बाकी सगळं सारखं आहे, फक्त दुसऱ्या पटावर काळ्याचं प्यादं सी६वर आहे. म्हणजे थांबण्याच्या बदल्यात काळ्याला सी६ ही चाल फुकट मिळाली.

एका प्याद्याच्या एका घराने एवढं काय बिघडतं, असं मुलं विचारतील. तुमच्या विद्यार्थ्याचं प्यादं तिथेच गेलं असणार. या मांडणीत काळा कोंडलेला असतो. त्याला सोंगट्या कमी करून श्वास घ्यायचा असतो आणि त्यासाठी त्याची नेहमीची चाल म्हणजे घोडा डी५. सी६वर प्यादं नसताना ती खेळून पाहू : ८...घोडा डी५, ९. उंट घेतो ई७, वजीर घेतो ई७, १०. घोडा घेतो डी५, ई६चं प्यादं घेतं डी५, ११. उंट घेतो डी५. डी५ला आधार द्यायला कुणी नाही, प्यादं गेलं. पुढे वजिराने बी४वरून शह दिला तरी पांढरा वजीर डी२वर येऊन बी२ही सांभाळतो. नवव्या चालीत वजिराऐवजी घोड्याने ई७वर परत मारलं तर प्यादं वाचतं, पण मग घोडा मागे गेला आणि पांढरा ई४ करून मध्य व्यापतो. सी६वर प्यादं असेल तर हीच घोडा डी५ निर्धोक होते, कारण डी५वर काहीही झालं तरी मागे टेकू आहे. मग डाव असा चालतो : १०. उंट घेतो ई७, वजीर घेतो ई७, ११. किल्लेकोट, घोडा घेतो सी३, १२. हत्ती घेतो सी३, ई५. सोंगट्यांच्या दोन जोड्या कमी झाल्या, ई५ झालं आणि सी८च्या कोंडलेल्या उंटाची वाट उघडायला लागली. ही कापाब्लांकाची म्हणून ओळखली जाणारी सुटका आहे.

आता पांढऱ्याकडून विचार करा. आपण उंट हलवला की काळा मारणार, हे त्यालाही कळतं. म्हणून तो उंट न हलवता दुसरी उपयोगी चाल शोधतो : ८. वजीर सी२. काळाही मारत नाही, तो ए६ खेळतो. सी४वर मारून बी५ने उंटाला हुसकावण्याची धमकी त्यात आहे. पांढरा ए३ खेळून ठेवतो, म्हणजे वेळ आली तर उंटाला ए२वर जागा राहील. पाबे घाटात अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर मागे कोण घेणार याची जशी वाट पाहतात, तसंच हे. फरक इतकाच, की इथे वाट पाहतानाही प्रत्येकाला काहीतरी चांगलं करत राहावं लागतं. १९२७ साली ब्युनॉस आयर्सला अलेखिन आणि कापाब्लांका विश्वविजेतेपदासाठी ३४ डाव खेळले. त्यांतले ३२ याच क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड प्रकारचे होते आणि सी४-डी५चा हा गुंता त्यांत पुन्हा पुन्हा येतो. जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू एका चालीसाठी इतके चिवटपणे अडून बसले, तर आपल्या मुलांनी सातव्या चालीत हात आवरायला हरकत नाही.

थांबणं कुठे संपवायचं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा अवघड भाग. माझ्या मते पहिली खूण ही, की तुमच्याकडच्या उपयोगी चाली संपल्या. सी६, ए६, हत्ती ई८ या चाली तुमची मांडणी सुधारतात. पण त्यानंतर केवळ वेळ काढायला राजापुढचं प्यादं ढकलावं लागलं, किंवा हत्ती इकडून तिकडे फिरवावा लागला, तर थांबणं तुम्हालाच महाग पडतंय. तेव्हा एक चाल गमावून मारणं बरं. दुसरी खूण ही, की प्रतिस्पर्ध्याने ती चाल खेळली जिची तुम्ही वाट पाहत होतात. इथे ती म्हणजे एफ१चा उंट हलणं. तेव्हा मारायचंच. अजून एक चाल थांबलात तर पांढरा स्वतः डी५वर मारून डाव वेगळ्याच वाटेने नेऊ शकतो आणि तुम्ही ज्यासाठी थांबला होतात ते हातातून जातं.

पांढऱ्याने स्वतः सी४ने डी५वर मारणं हाही चांगला पर्याय आहे. ई६च्या प्याद्याने परत घेतल्यावर सी४चं प्यादंच उरत नाही, मग काळा मारणार कशाला? पांढरा उंट निवांत डी३वर जातो, सी-पट्टी त्याच्या हत्ती-वजिराला अर्धी उघडते आणि पुढे बी४-बी५ असा प्याद्यांचा हल्ला वजिराच्या बाजूला करता येतो. पण ई६चं प्यादं डी५वर गेल्याबरोबर काळ्याचा सी८चा उंटही मोकळा होतो. आणि समजा पांढऱ्याने मारायचंही नाही, थांबायचंही नाही असं ठरवून सी५ ढकललं, तर मध्यावरचा दाबच नाहीसा होतो. मग काळ्याला ई५साठी वाट साफ होते. मुलांना ढकलण्याची चाल मारण्याहून निरुपद्रवी वाटते. पुष्कळदा ती जास्त नुकसानीची असते, कारण ढकललेलं प्यादं मागे घेता येत नाही आणि मारण्याची धमकी कायमची जाते.

म्हणून मुलांना 'थांबा' एवढंच सांगू नका. मारण्याआधी त्यांना पटावर बोट ठेवून विचारा : तू मारलंस, की परत मारायला कोण येणार, आणि त्याला तिथे यायचंच होतं का? आणि या मारामारीने कुणाची कोंडलेली सोंगटी सुटते? तुमच्या डावात दोन्ही उत्तरं पांढऱ्याच्या बाजूची होती. बाराव्या चालीनंतरची, म्हणजे काळ्याने ई५ केल्यानंतरची मांडणी त्यांना सरावाला द्या. डी४ आणि ई५ आता पुन्हा समोरासमोर आहेत. पांढऱ्याने ई५वर मारलं तर दोन घोडे निघून जातात आणि काळ्याचा वजीर ई५वर मध्यभागी येतो, पण तिथे पांढरा एफ४ करून त्याला पुन्हा हलवतो. मारलं नाही, समजा उंट बी३वर नेला, तर काळा ई४ करून एफ३च्या घोड्याला हुसकावेल. दोन्ही वाटा मोठ्या खेळाडूंनी खेळलेल्या आहेत. प्रत्येक वाटेने तीन-तीन डाव खेळवा, म्हणजे फरक सांगावा लागणार नाही.

तुमच्या भागातली जुनी मंडळी देशी पद्धतीने खेळलेली असतील, तर त्यांनाही बोलवा. त्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. त्यामुळे मध्यात प्यादी भिडायला वेळ लागे आणि तोपर्यंत मांडणी करून घ्यायची सवय पडे. याच पद्धतीत वाढलेला मीर सुलतान खान पाश्चात्त्य नियम उशिरा शिकला आणि तरी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने खुद्द कापाब्लांकाला हरवलं. भारतात परतल्यावर १९३५मध्ये व्ही. के. खाडिलकरांविरुद्धच्या दहा डावांत त्याने फक्त एक बरोबरी दिली.

प्रश्न : मी भोरला राहतो, पुण्यातल्या रविवारच्या स्पर्धा खेळतो. ई४ला कुणी ई६ खेळलं, की मी डी४ करतो आणि काळ्याने डी५ केलं की लगेच ई४ने डी५वर मारतो. हरत नाही, पण जिंकतही नाही. मारणं चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, पण तुम्ही काळ्याची अडचण सोडवता. फ्रेंच बचावात काळ्याची कायमची डोकेदुखी म्हणजे सी८चा उंट. ई६च्या प्याद्यामागे तो अडकून पडतो. तुम्ही तिसऱ्या चालीत मारलंत आणि त्याने ई६ने परत घेतलं, की तो उंट काही न करता मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंची प्यादी आरशातल्यासारखी सारखी होतात. ई५ ढकललंत तर सी८चा उंट कोंडलेलाच राहतो, पण काळा सी५ करून तुमच्या डी४वर हल्ला चढवतो आणि तुम्हाला ते राखत बसावं लागतं. मी असतो तर घोडा सी३ खेळलो असतो. ई४ला आधार मिळतो आणि भिडलेली प्यादी भिडलेलीच राहतात. मग काळ्याने स्वतः ई४वर मारलं तर तुमचा घोडा मध्यात येऊन बसतो आणि काळ्याचं मध्यातलं एकमेव प्यादं गेलेलं असतं. शेवटच्या फेरीत अर्धा गुण पुरत असेल तेव्हा खुशाल मारा. एरवी घोडा सी३.