बाबांचा फोन चार्जिंगला होता

१. नॉमिनी लावायची सोय फोटोंनाही असते, हे मला बाबा गेल्यावर कळलं. त्यांना मात्र आधीच ठाऊक होतं. एफडीचा फॉर्म भरावा तितक्या निगुतीनं त्यांनी गूगलचा ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवला होता: तीन महिने खात्यात हालचाल नसेल, तर मला कळवावं. मुदत तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने ठेवता येते आणि माणसं दहापर्यंत नेमता येतात. त्यांनी मला एकटीलाच नेमलं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२. माणूस गेला हे गूगलला आपोआप कळत नाही. त्याला फक्त हालचाल दिसते. तीन महिने उलटले, चार उलटले, मेल काही येईना. आई रोज रात्री बाबांचा फोन चार्जिंगला लावायची आणि दुपारी त्यावर नातवंडांचे फोटो बघायची. अँड्रॉइड फोन सुरू असला की तो अधूनमधून सर्व्हरला हजेरी देत राहतो आणि तीही हालचाल धरली जाते. थोडक्यात, गूगलच्या दप्तरी बाबा हयात होते. आईला फोन बंद कर म्हणायला मला किती दिवस जीभ रेटली नाही, ते विचारू नका.

३. सिम बंद करायची घाई नडते. घरात पहिली सूचना तीच आली होती, ‘उगाच रिचार्ज कशाला?’ पण पासवर्ड डायरीत सापडला, तरी नव्या फोनवर खातं उघडताना ओटीपी जुन्याच नंबरावर जाऊ शकतो. आणि रिचार्ज थांबलेला नंबर काही महिन्यांनी कुणा तिऱ्हाइताचा होतो.

४. मेल आला तरी खातं आपलं होत नाही. माझ्या मोबाइलवर कोड आला, तो टाकल्यावर बाबांनी खूण केली होती तेवढंच उतरवून घेता आलं, तेही तीन महिन्यांच्या आत. खूण फक्त फोटोंवर होती. त्यांच्या ईमेलमध्ये काय होतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. या निवडीमागचा मिस्कीलपणा मला फार आवडला. फोटोंत निम्मे विजेच्या बिलांचे होते, ही गोष्ट वेगळी.

५. आयफोनवाल्यांचा मामला निराळा. तिथे ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमतात. त्याच्यापाशी अ‍ॅक्सेस की लागते आणि जोडीला मृत्यूचा दाखला. मंजुरीनंतर तीन वर्षं खातं बघता येतं, मग ते कायमचं पुसलं जातं. नवऱ्यानं मला नेमलंय. की छापून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवलीये.

६. काहीच नेमलं नाही, तर दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. मी सहा महिने ठेवलेत आणि लेकीचं नाव दिलंय. परवा तिनं नंबर बदलला. जुन्या नंबरावर कोड गेला असता तर तिला तो मिळालाच नसता, म्हणून लगेच सेटिंगमध्ये जाऊन नवा टाकला. खूण मीही फक्त फोटोंवरच केलीये.