ऑफर लेटरचा एक कागद

पुणे

चि. ओंकार यास,


तू पाठवलेलं ऑफर लेटर आणि त्यावरून तू काढलेला सारांश दोन्ही वाचले. तुझा सारांश चार ओळींचा आहे: पगार नऊ लाख, प्रोबेशन सहा महिने, नोटिस तीन महिने, रुजू होण्याची तारीख १ ऑक्टोबर. यात चुकीचं काही नाही. पण मूळ पत्रात या प्रत्येक आकड्याला एकेक अट चिकटलेली आहे आणि ती तुझ्या कागदावर आलेली नाही. एचआरमध्ये असताना अशी पत्रं मीच तयार करत असे, म्हणून सांगते. सारांश लहान असू दे, पण ‘पर्यंत’, ‘अधीन राहून’, ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ हे शब्द त्यातून गाळू नकोस. आकडा लिहिलास की शेजारी त्याची अट आणि पत्रातला कलम क्रमांकही लिही.

आधी पगार. नऊ लाखांना बाराने भागून महिन्याला ७५,००० रुपये येतील असं तू धरलं आहेस. आता पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता उघड. बेसिक ३७,५००, घरभाडे भत्ता १५,००० आणि स्पेशल अलाउन्स ७,५०० हे दर महिन्याचे आकडे आहेत. त्यांची बेरीज ६०,००० होते, म्हणजे वर्षाचे ७,२०,०००. तुझ्या बँकेच्या वाटेवर असलेले पैसे एवढेच. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ४,५०० रुपये कापला जाईल. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. नव्या करप्रणालीत राहिलास तर एवढ्या पगारावर सध्या आयकर लागत नाही. तेव्हा हातात ५५,३०० रुपये येतील. घरभाडं आणि गाडीचा हप्ता या आकड्यावर बेतायचा, पंचाहत्तर हजारांवर नाही.

मग उरलेले १,८०,००० कुठे गेले? त्यातले ५४,००० कंपनीच्या वाट्याचा पीएफ आहे. त्यातला काही भाग पेन्शन योजनेकडे वळतो, बाकीचा तुझ्या पीएफ खात्यात पडतो, फक्त लगेच हाती येत नाही. ग्रॅच्युइटी २१,६४५ दाखवली आहे. कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते, म्हणजे तिसऱ्या वर्षी नोकरी सोडलीस तर हा आकडा फक्त कागदावरच राहील. १४,३५५ हा सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ता आहे. त्याचं संरक्षण तुला मिळेल, पण रक्कम कधी दिसणार नाही. यात आई-बाबा येतात का, ते मात्र पत्रात कुठेच नाही.

राहिले ९०,००० व्हेरिएबल. तुझ्या कागदावर ते नऊ लाखांत मिसळून गेले आहेत. मूळ वाक्यात मात्र तीन गोष्टी आहेत. एक, रक्कम ‘नव्वद हजारांपर्यंत’ आहे. दोन, ती कंपनीच्या आणि तुझ्या अशा दोघांच्या कामगिरीवर ठरेल. तीन, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, वाटपाच्या दिवशी तू नोकरीत असला पाहिजेस आणि राजीनामा दिलेला नसला पाहिजे. समज, वर्षभर उत्तम काम केलंस, वाटप जूनमध्ये आहे आणि मेमध्ये राजीनामा दिलास. मग पत्राप्रमाणे तुला काहीच मागता येणार नाही. शिवाय तू ऑक्टोबरमध्ये रुजू होतोयस, तेव्हा पहिल्या वर्षी जास्तीत जास्त अर्धेच, ४५,००० मिळतील. म्हणून या ओळीत ‘९०,०००’ एवढंच लिहू नकोस. ‘० ते ९०,०००, वाटपाच्या दिवशी नोकरीत असल्यास, पहिल्या वर्षी निम्मे’ असं लिही.

प्रोबेशनचं कलम पुन्हा नीट वाच. सहा महिने झाले की आपण आपोआप कायम होतो असं तू समजतोस, पण तिथे ‘लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू समजले जाईल’ असं आहे, आणि मुदत आणखी तीन महिने वाढवण्याचा हक्क कंपनीकडे आहे. १ ऑक्टोबरला रुजू झालास तर ३१ मार्चला सहा महिने भरतील. त्या आठवड्यात ईमेल आला नाही तर तूच विचारायचंस. याचा संबंध थेट नोटिसशी आहे. प्रोबेशनमध्ये नोटिस ३० दिवस, कन्फर्म झाल्यावर ९०. सारांशात नुसतं ‘तीन महिने’ लिहिलं की हा फरक नाहीसा होतो.

नोटिसच्या कलमात आणखी एक बाजू आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली. कंपनी तुला ३० दिवसांची नोटिस किंवा तेवढा पगार देऊन मोकळं करू शकते. तू मात्र पैसे भरून लवकर निघायचं म्हटलंस, तर ते मान्य करायचं की नाही हे ‘कंपनीच्या निर्णयावर अवलंबून’. म्हणजे बायआउट हा तुझा हक्क नाही, मिळाली तर सवलत आहे. आणि ती रक्कम कशावर मोजणार? बेसिकवर मोजली तर तीन महिन्यांचे १,१२,५०० होतात, महिन्याच्या पूर्ण पगारावर मोजली तर १,८०,०००. पत्रात नुसतं ‘पगार’ म्हटलंय. साडेसदुसष्ट हजारांचा फरक त्या एका शब्दात आहे, तेव्हा हे विचारायलाच हवं.

आता सगळ्यात घाईचं. ही ऑफर सशर्त आहे: जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर रुजू होताना द्यायचं, आणि पार्श्वभूमीची पडताळणी समाधानकारक झाली पाहिजे. नाशिकच्या सध्याच्या नोकरीत तुझी नोटिस ९० दिवसांची आहे. आज २० जुलै. उद्या राजीनामा दिलास तरी नव्वद दिवस १९ ऑक्टोबरच्या सुमारास भरतात, आणि इथली तारीख १ ऑक्टोबर, ‘त्यानंतर ऑफर आपोआप रद्द समजावी’ अशा शब्दांत. या दोन तारखा एकमेकींत बसत नाहीत. एक तर जुन्या कंपनीकडून लेखी लवकर सुटका हवी, नाही तर इथून लेखी मुदतवाढ. फोनवर ‘चालेल हो, बघू’ म्हणाले तर ते धरू नकोस. यातलं एक हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतीत दोन दिवस घरून काम आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, असं सांगितल्याचं तू म्हणालास. पत्रात यातलं काहीच नाही. उलट शेवटच्या कलमात ‘हे पत्र आधीच्या सर्व बोलण्याची जागा घेते’ असं आहे, म्हणजे ते बोलणं मोजलं जाणार नाही. कामाचं ठिकाण पुणे असलं तरी कुठेही बदली करण्याचा अधिकारही त्यांनी राखून ठेवला आहे.

म्हणून एचआरला एकच ईमेल लिही, सौम्य आणि मुद्द्याचा. रुजू होण्याची तारीख २१ ऑक्टोबर करता येईल का, नोटिसच्या बदल्यातली रक्कम बेसिकवर की पूर्ण पगारावर, विम्यात आई-बाबा आहेत का, घरून काम आणि फेरविचार लेखी देता येईल का, एवढंच विचार. प्रत्येक प्रश्नाआधी कलम क्रमांक घाल, म्हणजे उत्तर टाळता येत नाही. कदाचित फेरविचाराला नकार येईल. तो आला तरी नोकरी वाईट ठरत नाही, पण मग नऊ लाखांतले पक्के ७,२०,००० हेच धरून निर्णय घे.

स्वीकृती कळवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा ईमेल आजच जाऊ दे. उत्तर आलं की तुझ्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर तारीख टाकून मला फोटो पाठव. आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
सुमन मावशी