रात्रवर्गासाठी पाठ : 'मसन्ट' की 'डोन्ट हॅव टू'?

शिक्षक मित्रांनो, आमच्या रात्रवर्गात एक सुपरवायझर येतात. त्यांनी मदतनिसाला मेसेज केला, "यू मस्ट नॉट कम ऑन संडे." त्यांना म्हणायचं होतं, रविवारी यायला नको, सुट्टी घे. मदतनीस मात्र घाबरला. आपल्याला येऊ नकोस म्हणून बजावलंय, असं त्याला वाटलं. त्या दिवशी हा पाठ तयार झाला.

घटक : सक्ती आणि परवानगी
वेळ : 60 मिनिटे

सुरुवात (10 मिनिटे) : फळ्यावर लिहा, "आय मस्ट गो" आणि "आय हॅव टू गो". दोन्हींचा अर्थ 'मला जायला पाहिजे' असाच निघतो. फरक थोडाच आहे. 'मस्ट'मध्ये बहुतेकदा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो, 'हॅव टू'मध्ये बाहेरचा नियम. इथे फार थांबू नका.

मुख्य भाग (20 मिनिटे) : आता दोन्ही वाक्यं नकारार्थी करा. इथे वाटा फुटतात. 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे गरज नाही. आपण बोलताना दोन्हीकडे 'नको' वापरतो, म्हणून गोंधळ होतो. त्यावर एक चाचणी द्या : "तरीही केलं, तर चालेल का?" चालेल, तर 'डोन्ट हॅव टू'. चालणार नाही, तर 'मस्ट नॉट'.

तीन वाक्यं सोडवून घ्या.
1. फी रोख भरायला नको, ऑनलाइन भरा. (रोख दिली तरी चालेल, म्हणून 'डोन्ट हॅव टू'.)
2. मशीन चालू असताना आत हात घालायला नको. (चालणार नाही, म्हणून 'मस्ट नॉट'.)
3. शनिवारी गणवेश नको. (इथे मुद्दाम थांबा. घातला तर चालेल का, हे नियम माहीत असल्याशिवाय सांगताच येत नाही. वर्गात यावर वाद होऊ द्या.)

जोडीकाम (20 मिनिटे) : एक जण साहेब, दुसरा कामगार. लवकर जायची परवानगी मागताना "मे आय लीव्ह अर्ली?" म्हणावं. बरोबरीच्या माणसाशी "कॅन आय" पुरतं. मग कामगार विचारतो, "मस्ट आय कम टुमॉरो?" गरज नसेल तर साहेबांचं उत्तर "नो, यू डोन्ट हॅव टू." सवयीने तोंडून "नो, यू मस्ट नॉट" निघतं. ही चूक हमखास होते, तिथेच पकडा.

उच्चारही ऐकवा. 'मस्ट नॉट' जोडून बोलताना मधला 'ट' गळतो आणि 'मसन्ट' ऐकू येतं. 'हॅव टू' तर 'हॅफ टू' होतं.

शेवट (10 मिनिटे) : प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेचे दोन नियम लिहावेत, एक मनाईचा, एक सवलतीचा. शेजाऱ्याने चाचणी लावून तपासावेत.

सुपरवायझरांनी तिथेच बसून मेसेज दुरुस्त केला : "यू डोन्ट हॅव टू कम ऑन संडे."