घटक ५ : तयार पीडीएफला मुखपृष्ठ व मलपृष्ठ जोडणे

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
- पीडीएफमधील पृष्ठक्रमांकाचे तीन अर्थ वेगळे करून सांगता येतील.
- वेगळ्या आकाराचे मुखपृष्ठ व मलपृष्ठ मूळ पृष्ठांक न बदलता जोडता येईल.
- जोडणी नीट झाली की नाही, हे पडताळून पाहता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले आहे, असे समजू. तिची संहिता ए५ आकारात अक्षरजुळणी होऊन पीडीएफ रूपात तयार आहे. तिच्यात ५२ पृष्ठे आहेत. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका अशा पहिल्या चार पृष्ठांवर ‘एक’ ते ‘चार’ असे अक्षरी अंक आहेत आणि ओव्यांच्या पुढील पृष्ठांवर १ ते ४८ हे अंक आहेत. अनुक्रमणिका याच अंकांवर बेतलेली आहे. नंतर चित्रकाराकडून मुखपृष्ठ व मलपृष्ठ आले, ते मात्र ए४ आकाराचे. आता हे चित्र मूळ लेखन-फाइलीत घालून सारे पुन्हा तयार करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे केल्यास पृष्ठांक सरकण्याची, ओळी पुढे-मागे होण्याची व अनुक्रमणिका चुकण्याची शक्यता असते. तयार पीडीएफला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंना नवी पृष्ठे जोडणे, हा त्यावरचा सुरक्षित मार्ग होय.

५.२ पृष्ठक्रमांकाचे तीन अर्थ

पहिला अर्थ छापील पृष्ठांकाचा. तो पृष्ठावरील मजकुराचाच भाग असतो. एकदा पीडीएफ तयार झाली की पुढे-मागे कितीही पृष्ठे जोडली, तरी तो बदलत नाही.

दुसरा अर्थ क्रमस्थानाचा, म्हणजे फाइलीतील कितवे पृष्ठ याचा. पुढे दोन पृष्ठे जोडली की प्रत्येक पृष्ठाचे क्रमस्थान दोनने वाढते. हे टाळता येत नाही.

तिसरा अर्थ पृष्ठ-लेबलाचा. संगणकावर पीडीएफ उघडली की वरच्या चौकटीत जो क्रमांक दिसतो, तो लेबल दिलेले नसल्यास क्रमस्थान असतो आणि दिलेले असल्यास लेबल असते. ‘पृष्ठांक बिघडले’ ही तक्रार बहुधा येथून उद्भवते. वाचक चौकटीत १२ टाइप करतो आणि त्याच्यासमोर भलतेच पृष्ठ उघडते. छापील अंक जागेवरच असतो. दुरुस्त करायचे असते ते लेबल.

५.३ आकार वेगळा असला तरी

पीडीएफमध्ये प्रत्येक पृष्ठाचा आकार त्या पृष्ठासोबतच नोंदलेला असतो. म्हणून ए५ व ए४ पृष्ठे एकाच फाइलीत नांदू शकतात. जोडणीसाठी कोणतेही पृष्ठ लहान-मोठे करावे लागत नाही.

येथे एक सोपा वाटणारा मार्ग टाळावा. तो म्हणजे साऱ्या फाइली ‘प्रिंट’ आज्ञेने नव्या पीडीएफमध्ये उतरवणे. असे केल्यास सर्व पृष्ठे बहुधा एकाच कागदाच्या आकारात बसवली जातात आणि अनुक्रमणिकेतील दुवे व बुकमार्क नाहीसे होतात.

५.४ मुखपृष्ठाची दोन पृष्ठे का?

आपल्या उदाहरणात ओव्यांचे पृष्ठ १ मूळ फाइलीत पाचव्या क्रमस्थानी, म्हणजे विषम स्थानी आहे. पाठपोट छपाईत ते उजव्या हाताला येते. मुखपृष्ठाचे एकच पृष्ठ जोडले, तर ते सहाव्या स्थानी जाऊन डावीकडे येईल. मग बांधणीच्या बाजूचा रुंद समास बाहेर जाईल आणि आतला मजकूर शिवणीत अडकेल. म्हणून मुखपृष्ठाच्या फाइलीत दोन पृष्ठे ठेवावीत : चित्र आणि त्यामागे कोरी आतली बाजू. मलपृष्ठाच्या फाइलीतही दोन पृष्ठे ठेवावीत. तेथे कोरी बाजू आधी व चित्र नंतर येईल. एकूण पृष्ठे २ + ५२ + २ = ५६ होतात.

५.५ प्रत्यक्ष कृती

या कामासाठी qpdf हे विनामूल्य साधन वापरू. लेबल देण्याची सोय त्याच्या ११.९ व नंतरच्या आवृत्त्यांत आहे. तिन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पहिली आज्ञा द्यावी.

```
qpdf ovya.pdf --pages mukh.pdf 1-2 ovya.pdf 1-z mal.pdf 1-2 -- jod.pdf
```

येथे `z` म्हणजे शेवटचे पृष्ठ. आज्ञेच्या आरंभी मूळ फाइलीचे नाव मुद्दाम दिले आहे. बुकमार्कांसारखी संपूर्ण फाइलीची माहिती या पहिल्या फाइलीतून घेतली जाते. तेथे मुखपृष्ठाच्या फाइलीचे नाव दिल्यास संहितेचे बुकमार्क हरवतात. आता लेबले देऊ.

```
qpdf jod.pdf --set-page-labels 1:/1/Cover 3:r 7:D 55:/1/Back -- purna.pdf
```

विसर्गचिन्हासारख्या खुणेच्या डावीकडे क्रमस्थान आहे व उजवीकडे तेथून सुरू होणारी लेबलाची रीत आहे. पहिल्या दोन पृष्ठांना अंक न देता केवळ Cover हे नाव मिळते. तिसऱ्यापासून लहान रोमन अंक i ते iv लागतात. सातव्यापासून 1 ते 48 हे अंक येतात. पंचावन्नाव्यापासून Back हे नाव लागते. पीडीएफच्या लेबलांत देवनागरी अंकांची रीत उपलब्ध नाही. साधे इंग्रजी अंक, रोमन अंक आणि रोमन अक्षरे एवढ्याच रीती आहेत. म्हणून छापील १२ ला चौकटीत 12 दिसेल आणि ‘तीन’ला iii दिसेल.

५.६ पडताळणी

प्रथम एकूण पृष्ठे मोजावीत.

```
qpdf --show-npages purna.pdf
```

उत्तर 56 यावे. नंतर फाइल उघडून चौकटीत 1 टाइप करावा. ओव्यांचे पहिले पृष्ठ उघडायला हवे. त्यानंतर 48 टाइप करून शेवटचे पाहावे. प्रस्तावनेचे पृष्ठ उघडले, तर 7 च्या जागी चुकीचे क्रमस्थान लिहिले गेले आहे, असे समजावे. शेवटी अनुक्रमणिकेतील एक दुवा दाबून पाहावा.

५.७ मर्यादा

मोबाइलवरील काही वाचन-सॉफ्टवेअर लेबले दाखवत नाहीत; तेथे क्रमस्थानच दिसते. छापील अंक मात्र अबाधित असतात. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फाइलीला पृष्ठे जोडल्यास ती स्वाक्षरी वैध राहत नाही. म्हणून जोडणी आधी करावी व स्वाक्षरी नंतर. ए५ कागदावर ‘मूळ आकारात’ छपाई केली, तर ए४ मुखपृष्ठाच्या कडा कापल्या जातात. यासाठी मुखपृष्ठ व मलपृष्ठ ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडून वेगळे छापावे आणि संहिता मूळ आकारातच छापावी. दोन्ही आकारांत लांबी-रुंदीचे प्रमाण सारखेच असल्याने चित्र सुमारे ७१ टक्के होते, पण विकृत होत नाही.

५.८ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. मुखपृष्ठ जोडल्याने पृष्ठक्रमांकाच्या तीन अर्थांपैकी कोणता अर्थ अपरिहार्यपणे बदलतो?
२. प्रारंभिक पृष्ठे चारऐवजी सहा असती आणि ओव्यांची ४८ च राहिली असती, तर दुसऱ्या आज्ञेतील `7:D` व `55:` यांच्या जागी काय लिहावे लागले असते?

उत्तरे : १. क्रमस्थान. २. `9:D` व `57:`; कारण मुखपृष्ठाची दोन व प्रारंभिक सहा मिळून आठ पृष्ठे ओव्यांच्या आधी येतात, तर मलपृष्ठ २ + ६ + ४८ = ५६ पृष्ठांनंतर सुरू होते.

५.९ सारांश

तयार पीडीएफमधील छापील पृष्ठांक जोडणीने बदलत नाहीत. सरकते ते क्रमस्थान. वेगळा आकार हा जोडणीतला अडथळा नाही. मुखपृष्ठाची पृष्ठसंख्या सम ठेवल्याने उजवी-डावी बाजू टिकते आणि लेबले दिल्याने पडद्यावरील क्रमांक छापील अंकांशी जुळतात.